ओटीपी जाऊ द्या, पण चावी कोणाच्या फोनमध्ये बनते ते आधी पहा

रिझर्व बँकेने २५ सप्टेंबर २०२५ ला ऑनलाइन पेमेंटच्या पडताळणीचे नवे नियम काढले आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू केले. त्यात ओटीपी बंद करा असं कुठंच म्हटलेलं नाही, बऱ्याच लोकांनी तसं समजून घेतलंय म्हणून आधीच सांगतो. नियम एवढाच आहे की प्रत्येक व्यवहाराला दोन वेगवेगळ्या खुणा लागतील, त्यातली एक तरी त्या व्यवहारापुरती नव्याने तयार झालेली पाहिजे, आणि एक खूण चोराच्या हाती लागली तरी तेवढ्याने दुसरी लंगडी पडता कामा नये. एसएमएसचा ओटीपी यातला एक पर्याय राहील, पण आता एकटा नाही. त्यामुळे बँका आणि पेमेंट कंपन्या दुसऱ्या पद्धतीकडे निघाल्यात, जिला पासकी म्हणतात, म्हणजे ओटीपी टाईप करायच्या ऐवजी आपल्याच फोनवर बोट ठेवायचं आणि पैसे जाणार. यूपीआयमध्येही ऑक्टोबर २०२५ पासून पिनच्या जागी फोनवरचं बोट किंवा चेहरा चालवायची सोय आली, सुरुवातीला पाच हजारापर्यंतच्या व्यवहाराला.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो. माझ्याकडे येणाऱ्या माणसांचा ओटीपीशी काय संबंध येतो ते मी रोज पाहतो, म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ओटीपी जायलाच पाहिजे. पण ज्या घाईने तो घालवायचं चाललंय त्यात आमच्या भागातल्या माणसाच्या अडचणीच्या जागा कोणी नीट पाहिल्या असं मला वाटत नाही, आणि त्या न पाहता पासकी आली तर आज एका व्यवहाराचे पैसे जातात तिथं उद्या अख्खं खातं जाईल.

आधी ओटीपीत नेमकं काय बिघडतं ते पाहू, कारण लोक म्हणतात माणसं अडाणी आहेत म्हणून ओटीपी सांगतात, आणि हे मला अजिबात पटत नाही. शिकलेले मास्तर, ग्रामसेवक, सगळेच फसतात.

समजा खरीपात एका शेतकऱ्याला बॅटरीवर चालणारा फवारणी पंप पाहिजे. फेसबुकवर जाहिरात दिसते, सबसिडीत पंप, १,४९९ रुपये फक्त, खाली सरकारी वाटावं असं चिन्ह. तो लिंक उघडतो, नाव-गाव टाकतो, डेबिट कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे टाकतो. ही वेबसाइट खोटी आहे. तिकडे बसलेला माणूस त्याच क्षणी तोच कार्ड नंबर एका खऱ्या दुकानाच्या साइटवर टाकतो आणि ३८,००० चा मोबाइल घेतो. आता खरी बँक खऱ्या व्यवहाराचा खरा ओटीपी शेतकऱ्याच्या फोनवर पाठवते. मेसेज इंग्रजीत, त्यात रक्कम असते, दुकानाचं नावही असतं, पण फोनच्या वरच्या पट्टीत सहा आकडे आधी दिसतात, आणि कित्येक फोनमध्ये तर कीबोर्डच विचारतो की हा कोड भरू का, मेसेज उघडायचीही गरज नाही. समोर खोट्या साइटवर ओटीपीची चौकट तयारच असते. पंपाचे पैसे भरतोय म्हणून तो आकडे टाकतो, तिकडचा माणूस ते उचलून खऱ्या साइटवर टाकतो, झालं. यात कोणी फोन केला नाही, कोणी धमकी दिली नाही, माणसाने नेहमीसारखं काम केलं आणि ३८,००० गेले.

याच्याच बाजूला दुसरी तऱ्हा, व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने किंवा पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल येते, ती टाकली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते आणि मग ओटीपी माणसाला दिसायच्या आधी चोराकडे पोहोचतो. तिथे तर माणसाने काही सांगितलेलंही नसतं.

ओटीपी हा सांगता येणारा आकडा आहे, दोष तिथेच आहे. जे सांगता येतं, टाईप करता येतं, मेसेजमधून वाचता येतं, ते कुठल्याही चौकटीत टाकता येतं, चौकट खरी की खोटी हे त्या आकड्याला कळत नाही. २००९ पासून रिझर्व बँकेने ऑनलाइन कार्डाला दुसरी पडताळणी सक्तीची केली तेव्हा ते मोठं पाऊल होतं आणि त्याने खूप चोऱ्या थांबल्या, हे मान्य करतो, कित्येक देशात नुसत्या कार्ड नंबरवर पैसे जायचे तेव्हा आपल्याकडे जात नव्हते. पण त्यानंतर चोरांनी सगळी अक्कल तो आकडा काढून घेण्यावर लावली.

आणि पैसे गेल्यावर काय होतं? रिझर्व बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ते ग्राहकाच्या बाजूचं म्हणून सांगितलं जातं आणि बऱ्याच अंशी आहेही. चूक ना बँकेची ना तुमची, मधल्याच कुठेतरी गडबड झाली आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसात कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. पण त्यातच असंही आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे त्याने पेमेंटची गुपितं कोणाला दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. मग बँकेचं एकच उत्तर असतं, तुमच्या नंबरवर ओटीपी गेला होता, तो बरोबर टाकला गेला, म्हणजे तुम्हीच दिला. वरच्या फवारणी पंपवाल्याने खरंच आपल्या हाताने टाकला होता. जबाबदारी बँकेवर असल्याचं सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच राहत नाही. कागदावर सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, पण तालुक्याच्या शाखेत काउंटरवर उभ्या माणसाला ते कोणी सांगत नाही. माझ्याकडे आलेला एक म्हातारा म्हणाला होता, "मी काई सांगतलं नाही जी कोणाले, मले तं वाचताच येत नाही, पोट्ट्यानं कार्ड टाकलं होतं." त्याला तिथून अर्ज घेऊन परत पाठवलं, एवढंच.

आता पासकी यात काय बदलते. फोन तुमच्यासाठी दोन चाव्यांची जोडी तयार करतो. एक चावी फोनच्या आतल्या सुरक्षित भागात राहते, तिचा आकडा तुम्हालाही कधी दिसत नाही, दुसरी जोडीदार चावी बँकेकडे जाते. पैसे द्यायची वेळ आली की बँक फोनला एक नवाच प्रश्न पाठवते, फोन तुमचं बोट किंवा लॉक तपासतो आणि मग आतल्या चावीने त्या प्रश्नावर सही करून पाठवतो. बँक आपल्याकडच्या जोडीदार चावीने सही तपासते. बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही, बँकेला फक्त सही जाते, आणि ती सही त्या एका प्रश्नापुरती असते, उद्या कोणाच्या कामाची नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. पासकी ज्या वेबसाइटसाठी बनली तिच्या पत्त्याला बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडं असलं तरी ब्राउझर ती चावी काढूनच देत नाही. पत्ता तपासायचं काम माणसाच्या डोळ्यावरून मशीनवर गेलं, आणि मशीनला सबसिडीची घाई नसते.

आता तोच फवारणी पंपवाला पुन्हा घेऊ. खोट्या साइटवर त्याने कार्ड नंबर टाकला, चोराने तो खऱ्या दुकानात टाकला, ३८,००० ची खरेदी सुरू झाली. बँक म्हणते पासकीने सही द्या. पण सही मागितली जाते ती चोराच्या फोनवर, आणि तिथे ती चावी नाही. दुसऱ्या फोनने सही द्यायची सोय असते, स्क्रीनवर एक क्यूआर येतो, तो स्कॅन करून आपल्या फोनने मंजुरी देता येते, म्हणजे चोर तो क्यूआर शेतकऱ्याला पाठवू शकेल, पण तो प्रकार करताना दोन्ही यंत्रं ब्लूटूथच्या अंतरात असावी लागतात, शेकडो किलोमीटरवरून ते जमत नाही. शेतकऱ्याला सांगण्यासारखं काही नाही, चोराला विचारण्यासारखं काही नाही. अडकला.

पण थांबा, चोराच्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ असू शकते: दुसऱ्या पद्धतीने पुष्टी करा. त्याने ती दाबली, बँकेने नेहमीसारखा ओटीपी पाठवला, शेतकऱ्याने नेहमीसारखा टाकला, ३८,००० गेले.

माझं सगळं म्हणणं या एका ओळीवर येऊन थांबतं. पुढचं दार कितीही मजबूत केलं आणि मागचं तसंच उघडं ठेवलं तर चोर पुढून येणारच नाही. बँकांना ही ओळ ठेवावीशी वाटते, कारण पासकी चालली नाही तर गिऱ्हाईक अडकतं, व्यवहार पडतो, दुकानदार ओरडतो. मी त्यांची अडचण समजतो. पण ज्या खात्यावर पासकी चालू झालीय त्याला अनोळखी दुकानात, मोठ्या रकमेला, त्याच क्षणी ओटीपीचा पर्याय मिळायलाच नको. फारच गरज असेल तर द्या, पण दुसऱ्या दिवशी द्या, रात्री मधे जाऊ द्या. चोराला आत्ताच पाहिजे असतं, पंप घेणाऱ्याचं उद्यावर भागतं.

याहून धोक्याची जागा म्हणजे चावी पहिल्यांदा बनते तो क्षण. चावी तुमच्या फोनमध्ये बनतेय की चोराच्या, हे बँक कशावरून ठरवते? कित्येक ठिकाणी कार्डाची माहिती आणि एक ओटीपी, बस. म्हणजे तो ओटीपी ज्याने मिळवला त्याच्या फोनमध्ये चावी बनेल, आणि मग पुढच्या प्रत्येक व्यवहाराला तो आपलं बोट ठेवेल, तुम्हाला काही विचारलंच जाणार नाही. आज एक ओटीपी गेला तर एक व्यवहार जातो. नोंदणीचा ओटीपी गेला तर खातं रिकामं होईपर्यंत चालू राहील, आणि बँकेच्या रेकॉर्डवर प्रत्येक व्यवहार एकदम शुद्ध दिसेल, दोन खुणा बरोबर, सही बरोबर. आमच्याकडे "तुमची केवायसी बंद पडते" म्हणून जे फोन येतात ते उद्या "तुमची पासकी चालू करून देतो" म्हणून येतील, नाव बदलेल, माणूस तोच, मागणी त्याच सहा आकड्यांची.

म्हणून माझं म्हणणं, पहिली नोंदणी समोरासमोर व्हावी. शाखेत करा नाहीतर आमच्यासारख्या केंद्रावर करा, माणूस हजर, त्याचा फोन हजर, आधारच्या ठशाने ओळख पटवा आणि त्याच्याच फोनमध्ये त्याच्याच देखत चावी बनवा. आज आमच्या केंद्रावर आधारने पैसे काढता येतात, दहा हजार काढायला जी ओळख पुरते ती चावी बनवायला का चालू नये? ज्याला शहरात बसून फोनवरच करायचंय त्याने करावं, पण मग पहिले काही दिवस रक्कम बारीक ठेवा. यूपीआयमध्ये नवा फोन जोडला की पहिले चोवीस तास रकमेला मर्यादा असते, ही चांगली सवय तिथे आधीच आहे, ती कार्डालाही लावा आणि चोवीस तासाच्या पुढं न्या, कारण आमच्याकडचा माणूस मेसेज पाहतो तोच बाजाराच्या दिवशी. आणि नवी चावी बनली की नुसता इंग्रजी मेसेज पुरत नाही, मराठीत बोलणारा कॉल जाऊ द्या, "तुमच्या खात्याला अमुक कंपनीचा नवा फोन जोडला गेला, हा तुमचा नसेल तर एक दाबा." लाइट बिलाचे, मतदानाचे कॉल येतात तसे हेही येऊ शकतात.

आता फोनकडे येतो. पासकीची सगळी मांडणी असं धरून चालते की एक फोन म्हणजे एक माणूस. आमच्याकडे एक फोन म्हणजे एक घर. फोन पोराचा असतो, त्यात बापाचं बोट नोंदवलेलं, बायकोचं नोंदवलेलं, कधी मोठ्या भावाचंही. फोनला एवढंच कळतं की नोंदवलेल्या बोटांपैकी एक लागलं, कोणाचं लागलं हे तो बँकेला सांगत नाही. लाडकी बहीणचे १,५०० रुपये ज्या बाईच्या खात्यात येतात तिच्या खात्याला नंबर पोराचा किंवा नवऱ्याचा जोडलेला असतो, हे आमच्याकडे जवळजवळ धरूनच चाला. आज ती माझ्याकडे येऊन स्वतःच्या अंगठ्याने पैसे काढते, त्यात तिला स्वतः यावं लागतं, म्हणून ते पैसे तिचे राहतात. तिच्या खात्याची चावी पोराच्या फोनमध्ये पोराच्या बोटावर बनली तर तिला न विचारता पैसे जातील आणि रेकॉर्ड म्हणेल की खातेदाराने मंजूर केलं. यूपीआयचा पिन निदान तिच्या एकटीच्या डोक्यात राहू शकत होता.

फोनवर नवीन बोट नोंदवलं की जुनी चावी आपोआप रद्द करायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, अॅप बनवणाऱ्याने ती वापरायला पाहिजे एवढंच. पैशाच्या अॅपमध्ये ती सक्तीची असावी. त्याने घरातल्या जुन्या बोटांचा प्रश्न सुटत नाही, पण रात्री कोणी गुपचूप आपलं बोट घालून सकाळी पैसे काढणं तरी थांबेल.

बोटाचंही सांगतो, कारण शहरात बसून नियम करणाऱ्याला हे दिसत नाही. कापूस वेचणीच्या दिवसात बोंडाच्या टोकांनी बोटांची पेरं इतकी घासलेली, चिरलेली असतात की माझ्या मशीनवर अंगठा चार-चार वेळा लागत नाही, मग दुसरं बोट, मग पुसून पुन्हा, गवंडीकाम करणाऱ्यांचं तर बारा महिने हेच. फोनवर बोट लागलं नाही की तो काय करतो? स्क्रीन लॉकचा पॅटर्न मागतो, आणि तो बरोबर आला की तीच चावी उघडतो. म्हणजे आमच्याकडे पासकीची खरी ताकद शेवटी त्या पॅटर्नएवढीच. आणि पॅटर्न सगळ्यांना माहीत असतो, लेकरांना गेमसाठी माहीत असतो, आणि फोन दुरुस्तीला टाकला की दुकानदार विचारतो आणि पावतीवर नऊ ठिपके मांडून त्यावर रेघ ओढून ठेवतो, ती पावती गल्ल्यात पडून राहते. आजपर्यंत त्याने फार बिघडत नव्हतं, कारण पैशाला वेगळा पिन होता. स्वस्त फोनमधला चेहऱ्याने उघडायचा प्रकारही यात कामाचा नाही, नुसत्या समोरच्या कॅमेऱ्याची ती ओळख अँड्रॉइड अशा चाव्यांसाठी पुरेशी भक्कम धरत नाही.

त्याच दुकानदाराकडून आणखी एक गोष्ट येते, जीमेल. नवा फोन घेतला की दुकानदारच जीमेल आयडी उघडून देतो, पासवर्ड त्यालाच माहीत, कधी तर त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच धाटणीचा टाकलेला असतो. पासकी दोन प्रकारची असू शकते, एक त्या फोनमध्येच अडकून राहणारी आणि दुसरी गूगल किंवा अॅपलच्या खात्यातून नव्या फोनवर येऊ शकणारी. दुसरी सोयीची वाटते, आणि ज्याला आपलं खातं सांभाळता येतं त्याच्यासाठी चांगलीच आहे. गूगलच्या बाबतीत नुसता पासवर्ड पुरत नाही, जुन्या फोनचं स्क्रीन लॉक किंवा वेगळा पिनही लागतो, हे चांगलं केलंय. पण आमच्याकडे पासवर्ड आणि पॅटर्न दोन्ही एकाच दुकानात सापडतात. आणि उलट बाजूने, फोन नांगरटीत पडून फुटला तर खऱ्या मालकाला आयडीही आठवत नाही, मग त्याची चावी गेलीच. म्हणून पैशाच्या चावीसाठी मला पहिला प्रकार बरा वाटतो, फोनमध्येच अडकलेली. फोन गेला तर चावी गेली, केंद्रावर या, अंगठा द्या, नवी बनवा. त्रास आहे, तालुक्याला चाळीस किलोमीटर जायला लागणार असेल तर फार त्रास आहे, पण ते काम गावातल्या केंद्रावर दिलं तर अर्ध्या तासाचं आहे.

बोटाबद्दल माझी आणखी एक शंका आहे आणि ती बाकी कोणी बोलताना मी ऐकली नाही. इतकी वर्षं यूपीआय वापरून गावागावात लोकांना एक गोष्ट पक्की कळलीय, पिन टाकला की पैसे जातात. पैसे यायला पिन लागत नाही. क्यूआर पाठवून "तुमच्या खात्यात पैसे टाकतो, पिन टाका" म्हणणाऱ्यांना आता आमच्याकडची शेंबडी पोरंही ओळखतात. ही समज तयार व्हायला किती लोकांचे पैसे गेले! आता तेच बोट फोन उघडायला, तेच अॅप उघडायला, तेच पैसे द्यायला. दिवसातून पन्नास वेळा आपण न पाहता बोट ठेवतो, त्यात एक वेळ पैसे गेले तर कळणार कसं? समोरच्याने फोनवर बोलत बोलत "आता बोट ठेवा" म्हटलं की माणूस ठेवून मोकळा होईल. असल्या फसवणुकीत पासकी काहीच करू शकत नाही, कारण चावी खरी, फोन खरा, बोट खरं, फक्त माणसाला खोटं सांगितलेलं.

यावर एक उपाय आधीच तयार आहे. ब्राउझरसाठी असा प्रकार बनवलाय की बोट मागायच्या आधी फोन स्वतः रक्कम आणि कोणाला जातेय ते नाव दाखवतो, आणि सही नुसत्या प्रश्नावर होत नाही, त्या रकमेवर आणि त्या नावावरही होते. मधल्या कोणी रक्कम बदलली तर सही जुळत नाही. हे सगळीकडे पाहिजे, आणि मराठीत पाहिजे, मोठ्या अक्षरात पाहिजे, "३८,००० रुपये अमुक मोबाइल दुकानाला जात आहेत" असं. फवारणी पंपवाल्याला हे दिसलं असतं तर तो तिथेच थांबला असता, त्याला १,४९९ माहीत होते. शिवाय मोठ्या रकमेला बोटासोबत पिनही राहू द्या. कटिंगच्या, किराण्याच्या पैशाला बोट चालेल, पण सोयाबीन विकून आलेले पैसे एका बोटावर जाऊ नयेत. पाच हजाराची मर्यादा मला म्हणूनच बरोबर वाटते आणि ती वाढवायची मागणी कंपन्यांकडून येईल तेव्हा तिला विरोध व्हायला पाहिजे.

कोणी म्हणेल एवढी सगळी भानगड असेल तर ओटीपीच बरा. नाही, बरा नाही. ओटीपीचा दोष सुधारता येत नाही, तो आकडा सांगता येणारच आणि मेसेज वाचता येणारच, वीस वेळा "कोणालाही सांगू नका" लिहिलं तरी. पासकीचे दोष मात्र सगळे भोवतालच्या व्यवस्थेत आहेत, नोंदणी कशी, फोन हरवला तर काय, मागचं दार कुठलं, आणि ते ठरवणारे बँकेत बसलेले आहेत, त्यांनी ठरवलं तर ते बुजवता येतात. सिंगापूरच्या बँकांनी २०२४ मध्येच, ज्यांच्या फोनवर बँकेचं डिजिटल टोकन चालू आहे त्यांचा लॉगिनचा ओटीपी काढायला घेतला. जिथं नवी चावी चालू आहे तिथं जुना ओटीपी बंद, एवढं तरी आपल्याकडे होऊ शकतं.

ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्यांना यातलं काही लागू नाही. २०२२ पासून कॉलवर चालणारा यूपीआय १२३पे आहे, त्यांना तो राहू द्या, अंगठ्याने पैसे काढायचं केंद्र राहू द्या, आणि अॅप नाही म्हणून त्यांचं कार्ड अडवू नका.

आता पैसे गेल्यावरचं. नव्या नियमात चांगली गोष्ट अशी की नियम न पाळता केलेल्या व्यवहारात नुकसान झालं तर बँकेने काही कुरकुर न करता पूर्ण भरून द्यायचं. पण बँक म्हणेल आम्ही नियम पाळले, दोन खुणा घेतल्या, सही तुमच्या चावीची आहे. उद्या काउंटरवरचं उत्तर असेल, तुमचंच बोट होतं. ओटीपीच्या वेळी निदान माणूस म्हणू शकत होता की मेसेज चोरला, बोटापुढे तो काय म्हणणार? म्हणून रिझर्व बँकेने आत्ताच लिहून द्यावं की असा वाद आला की बँकेने चावीचा जन्म दाखवायचा: ती कुठल्या कंपनीच्या फोनमध्ये बनली, कुठल्या तारखेला, किती वाजता, तेव्हा ओळख कशी पटवली, आणि त्या वेळी खातेदाराला कसं कळवलं. हे सगळं बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवता येतं, अवघड काही नाही. ते दाखवता आलं नाही तर पैसे परत. खातेदाराचा फोन एका कंपनीचा आणि चावी बनली दुसऱ्याच कंपनीच्या फोनमध्ये, तर त्या म्हाताऱ्याला काही सिद्ध करायची गरज पडू नये, तो कागदच पुरावा.

तोपर्यंत, तुमच्या बँकेचं अॅप किंवा कार्ड पासकी चालू करायला सांगेल तेव्हा चालू करा, पण स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या हाताने, आलेल्या फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून नाही. आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणाकोणाची बोटं नोंदवलीत ते मोजा आणि नको ती काढा, पॅटर्नच्या जागी सहा आकडी पिन ठेवा, दुरुस्तीला टाकताना पॅटर्न किंवा पिन सांगावाच लागला तर फोन परत आल्याबरोबर तो बदला. आईच्या, बायकोच्या खात्याची चावी आपल्या फोनमध्ये बनवायच्या आधी तिला विचारा. आणि शाखेत गेल्यावर मॅनेजरला विचारा की पासकी चालू असताना माझ्या कार्डावर ओटीपीने व्यवहार होऊ शकतो का, आणि होत असेल तर तो बंद करायचा अर्ज कुठला. मी माझ्या शाखेत विचारलं तेव्हा असा अर्ज नव्हता. मी साध्या कागदावर लिहून दिलाय आणि त्याची पोच शिक्का मारून घेतलीय.